31 च्या वर कधी गेलाच नाही, तरी ॲव्हरेज 60!

कुठलीही टीम जाहीर झाली की टीव्हीवर आणि व्हॉट्सॲपवर एकच सुरू होतं, याचं ॲव्हरेज 52 आहे, त्याचं 34, मग याला का बसवलं. ॲव्हरेज जास्त म्हणजे बॅट्समन भारी, इतकं सोपं असतं असं मलाही वाटायचं. मी पुण्यातल्या एका कॉलेजच्या टीमचा स्कोअरर होतो, म्हणजे ज्याला बॅटिंगला कोणी पाठवत नाही पण ज्याच्याशिवाय मॅच सुरू होत नाही तो माणूस. पत्र्याच्या शेडखाली टेबल, वहीवर दगड ठेवायचा नाहीतर पानं उडतात, दोन रंगांची पेनं, आणि बाउंड्रीवरून कोणीतरी दर ओव्हरला ओरडतंच, "ए स्कोअर किती?"

तर सीझन संपला आणि बेस्ट बॅट्समनची ट्रॉफी कोणाला द्यायची ते ठरवायचं होतं. नियम साधा, किमान दहा डाव आणि ज्याचं ॲव्हरेज जास्त त्याची ट्रॉफी. मी शीटमध्ये फॉर्म्युला टाकला आणि पहिल्या नंबरवर कोण आलं, तर आमचा सातव्या नंबरचा बॅट्समन, ज्याला सगळे बारक्या म्हणतात. ॲव्हरेज 60. ओपनर दुसरा, 33.

ओपनर मला अमृततुल्यवर गाठून म्हणाला, "तू काय रे लिहून ठेवलंयस, त्या बारक्याची एक तरी फिफ्टी दाखव मला." दाखवणार कुठून, नव्हतीच. फिफ्टी सोडा, बारक्याचा पूर्ण सीझनचा हायेस्ट स्कोअर होता 31. ज्या माणसाने एकदाही 32 रन केले नाहीत त्याचं ॲव्हरेज 60 कसं येतं?

## आधी वही बघू

आम्ही 40 ओव्हरच्या मॅचेस खेळायचो, दोघांचेही बारा-बारा डाव झाले होते. ओपनर बाराही वेळा आऊट झाला होता. त्याचे स्कोअर:

41, 8, 67, 0, 23, 54, 12, 71, 4, 38, 29, 49

बेरीज 396, भागिले 12, आले 33. इथे काही गडबड नाही.

बारक्याचे असे (चांदणी म्हणजे नाबाद):

14*, 22*, 5, 9*, 31*, 18*, 0, 11*, 27*, 12*, 19, 12*

बेरीज 180. बारा डावांत 180, म्हणजे डावाला 15. पण ॲव्हरेज काढताना डावांनी भागत नाहीत, किती वेळा आऊट झाला त्याने भागतात, आणि बारक्या आऊट झाला होता फक्त तीनदा. 180 भागिले 3, बरोबर 60. शीटमध्ये मी हेच लिहिलं होतं:

```
=SUM(C2:C13)/COUNTIF(D2:D13,"out")
```

म्हणजे हिशोब चुकलेला नव्हता. मी तीनदा तपासला, वहीतल्या बॉलरच्या रकान्यांशी ताळा लावून पण बघितलं.

## मग डावांनीच भागा ना, एवढं काय

ओपनरचं म्हणणं हेच होतं आणि पहिल्यांदा मलाही पटलं. रन भागिले डाव, बारक्या 15, ओपनर 33, संपला विषय. मी शीट बदलायलाच बसलो होतो, पण मग बारक्याच्या बाजूने विचार करून बघितला. ज्या मॅचमध्ये तो 9 वर नाबाद राहिला तिथे जिंकायला दहाच रन हवे होते, नऊ याने केले आणि एक समोरच्याने. आता त्याने काय करायला हवं होतं, मॅच जिंकल्यावर पण खेळत बसायचं? तो 9 चा डाव संपलेला नाहीये, थांबवलेला आहे. ओपनरचा 8 मात्र संपलेला आहे, बोल्ड, मिडल स्टंप. हे दोन आकडे वहीत शेजारी लिहिले तरी एका जातीचे नाहीत.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या पुण्यातच घडलंय. डिसेंबर 1948, पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, आणि भाऊसाहेब निंबाळकर 443 वर नाबाद. त्यावेळचा वर्ल्ड रेकॉर्ड ब्रॅडमनचा नाबाद 452, म्हणजे फक्त नऊ रन कमी, आणि तिथे काठियावाडने पुढे खेळायलाच नकार दिला, मॅच सोडून दिली. निंबाळकरांनी त्या दिवशी किती केले असते? 453, 500, की पुढच्याच बॉलला आऊट? कोणालाच माहीत नाही. आपल्याला एवढंच सांगता येतं की किमान 443. "किमान इतके, पुढचं माहीत नाही" हाच कुठल्याही नाबाद स्कोअरचा खरा अर्थ आहे, मग तो 443 असो की बारक्याचा 9.

स्टॅटिस्टिक्सवाले अशा अर्धवट राहिलेल्या नोंदीला सेन्सॉर्ड म्हणतात, सिनेमाच्या सेन्सॉरशी संबंध नाही. मी पुढे अर्धवट नोंदच म्हणतो.

## कॉटबेसिसवाल्या काकूंचा हिशोब

हे सगळं घेऊन मी आमच्या स्टॅटच्या सरांकडे गेलो. सरांना क्रिकेट फारसं आवडत नाही, पण आकडा फसवतोय म्हटलं की त्यांचे डोळे चमकतात. त्यांनी क्रिकेट बाजूला ठेवायला लावलं आणि सदाशिव पेठेतल्या खोल्यांवर आले.

समजा एका काकूंच्या चार खोल्या आहेत, विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या. दोन मुलं सोडून गेली, एक 6 महिन्यांनी आणि एक 10 महिन्यांनी. दोन अजून राहतायत, एकाला 8 महिने झालेत, एकाला 20. आता काकूंना विचारलं, तुमच्याकडे भाडेकरू सरासरी किती महिने टिकतो?

फक्त गेलेल्यांचं धरलं तर 6 आणि 10, सरासरी 8. पण हे साफ चूक, कारण जो वीस महिने टिकलाय आणि अजून आहे त्यालाच आपण वगळलं. चौघांचंही धरलं तर 44 भागिले 4, म्हणजे 11. हेही कमीच, कारण जे राहतायत ते आजच्या आज बॅग भरून निघाले असं आपण मानलं (डावांनी भागणं म्हणजे नेमकं हेच). मग तिसरा रस्ता, सगळ्यांचे महिने 44 आणि सोडून गेले दोघं, 44 भागिले 2, म्हणजे 22. हा क्रिकेटचा फॉर्म्युला.

सर म्हणाले, "आता मला सांग, 22 महिने कोण राहिलंय तिथे?"

कोणीच नाही. सगळ्यात जुना भाडेकरू वीस महिन्यांचा. तरी उत्तर 22 आलं. बारक्याचा हायेस्ट 31 आणि ॲव्हरेज 60, तोच प्रकार.

## फॉर्म्युला आतून काय करतो

इथून पुढे मजा आहे, जरा वही परत बघा. आऊटनी भागणं म्हणजे खरं तर नाबाद डाव पुढच्या डावाला जोडणं. बारक्या 14 वर नाबाद राहिला, पुढच्या मॅचला 22 वर नाबाद, त्याच्या पुढच्या मॅचला 5 वर आऊट. फॉर्म्युल्याच्या नजरेत हे तीन डाव नाहीतच, हा एकच डाव आहे, 41 रनचा. तसंच 9, 31, 18 आणि मग शून्यावर आऊट, हा 58 चा दुसरा डाव. 11, 27, 12 आणि 19 वर आऊट, तिसरा 69 चा. शेवटचे 12 लोंबकळतायत, तेही बेरजेत. 41, 58, 69 आणि 12, एकूण 180, तीन आऊट, साठ.

म्हणजे फॉर्म्युला असं धरून चालतो की मागच्या रविवारी 14 वर नाबाद राहिलेला बारक्या या रविवारी क्रीजवर आला तो 14 वर सेट होऊनच आला. हे तेव्हाच बरोबर ठरेल जेव्हा आऊट व्हायचा धोका प्रत्येक रनला सारखाच असेल, शून्यावर असताना जेवढा, चाळीसवर असताना पण तेवढाच. तसं असेल तर डाव कुठे तोडला आणि कुठे जोडला याने फरकच पडत नाही, आणि मग आऊटनी भागणं हा एकदम चोख हिशोब आहे, हे गणिताने सिद्ध करता येतं.

पण ज्याने गल्लीत दोन ओव्हर बॅटिंग केलीय त्यालाही माहितीये की तसं नसतं. नवीन बॅट्समनचे पाय हलत नाहीत, पिचचा अंदाज नसतो, पहिल्या दहा-पंधरा रनांत जीव मुठीत असतो, एकदा नजर बसली की धोका कमी होतो. सेट बॅट्समन हा शब्द उगाच नाही आला.

मी लगेच सरांना म्हटलं, मग झालं ना सर, ॲव्हरेज बारक्याला फुगवतंय. तर सर म्हणाले, उलट. बारक्या बारा वेळा शून्यापासून सुरू करतोय, म्हणजे सगळ्यात धोक्याचा भाग बारा वेळा खेळतोय आणि सेट झाल्यावर मजा करायची वेळ आली की ओव्हर संपतात. या हिशोबाने बघितलं तर 60 हा आकडा त्याच्यावर अन्यायच करत असू शकतो! मी गप्प. आणि दुसरीकडून बघायचं तर, सरांनीच सांगितलं, त्याने 31 च्या पुढे एक बॉलही खेळलेला नाही, नवीन फील्ड लावल्यावर, दमल्यावर, बॉलरने त्याचा वीक शॉट ओळखल्यावर तो काय करतो याची नोंदच नाही. म्हणजे 60 मधला बराचसा भाग अशा इलाख्यातला आहे जिथे तो गेलाच नाही. आकडा कुठल्या बाजूला चुकलाय हेही ठामपणे सांगता येत नाही, आणि मला हे नुसतं "फुगलाय" म्हणण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

## तीन आऊट म्हणजे तीनच आऊट

अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात आधी दिसायला हवी होती. समजा पुढच्या मॅचला दोघेही पहिल्या बॉलला शून्यावर गेले. ओपनर 33 वरून साडेतीसवर येतो. बारक्या? 180 भागिले 4, म्हणजे 45. एका बॉलमध्ये पंधरा रनचं ॲव्हरेज गेलं. ज्या आकड्याला एक यॉर्कर एवढा हलवतो त्याच्यावर ट्रॉफी ठेवायची म्हणजे कठीणच आहे.

कारण भागाकारात खाली काय बसलंय ते बघायचं. ओपनरचा 33 बारा आऊटवर उभा आहे, बारक्याचा 60 तीन आऊटवर, तिपाई स्टुलासारखा, एक पाय काढला की गेलं. डाव बारा असले तरी ॲव्हरेजच्या दृष्टीने बारक्याचा अनुभव तीनचाच आहे. म्हणून हल्ली मी कोणाचंही ॲव्हरेज ऐकलं की पहिला प्रश्न विचारतो, आऊट किती वेळा झालाय?

मोठ्या क्रिकेटमध्येही हे होतं. 1953 च्या इंग्लंड दौऱ्यावर ऑस्ट्रेलियाचा बिल जॉन्स्टन, जो पक्का बॉलर, बॅटिंगला शेवटी येणारा, 17 डावांत 102 रन आणि आऊट फक्त एकदा. ॲव्हरेज 102! आणि 1999 चा वर्ल्डकप आठवत असेल तर लान्स क्लूझनर, 281 रन, आऊट दोनदाच, ॲव्हरेज 140.50. तो काय कमाल खेळला होता त्याबद्दल वादच नाही, पण त्याच माणसाचं अख्ख्या वनडे करिअरचं ॲव्हरेज 41.10 आहे. शंभर रनचा फरक काही फक्त फॉर्मचा नसतो.

## मग ब्रॅडमन, बेवन, धोनी सगळे खोटे का?

हा प्रश्न बारक्याने विचारला, कारण तोपर्यंत ही बातमी त्याच्यापर्यंत गेली होती आणि तो चिडला होता. "नाबाद राहणं सोपं असतं का रे? धोनीला जाऊन सांग ना."

त्याचा मुद्दा चूक नाही. धोनीचे वनडेत 10,773 रन, 297 डाव, त्यात 84 वेळा नाबाद, ॲव्हरेज 50.57. डावांनी भागलं तर साधारण 36. यातला कुठला खरा? माझ्या मते इथे 50 वर विश्वास ठेवायला हरकत नाही, कारण खाली 213 आऊट आहेत, आणि धोनी नुसता शेवटच्या चार ओव्हर खेळलेला नाही, नाबाद 183 पण त्याच्याच नावावर आहेत. मायकल बेवनचं 53.58 असंच, 67 वेळा नाबाद पण 129 वेळा आऊट. हे लोक 50 च्या पुढच्या इलाख्यात खूपदा जाऊन आलेत, त्यामुळे तिथली नोंद आहे. ब्रॅडमनच्या बाबतीत तर प्रश्नच मिटतो, 80 डावांत नाबाद फक्त दहा वेळा, 6996 भागिले 70, ते प्रसिद्ध 99.94. डावांनी भागा, तरी 87 च्या वर येतं.

म्हणजे गडबड नाबादमध्ये नाही. नाबाद खूप, आऊट मोजके आणि सगळे स्कोअर छोटे, असं तिन्ही एकत्र आलं की आकडा हवेत जातो. आमच्या बारक्याचं तिन्ही जुळलं होतं.

## मग खरा हिशोब काय?

सरांनी एक पद्धत दाखवली. कॅप्लन आणि मायर या दोन अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी 1958 मध्ये मांडलेली, मेडिकलवाले ती रोज वापरतात, कारण त्यांच्याकडे पण अर्धवट नोंदी असतात, पेशंट गाव सोडून जातो, अभ्यास संपतो आणि पेशंट सुदैवाने जिवंत असतो. नाव जड आहे पण काम जिना चढण्यासारखं आहे. प्रत्येक पायरीवर फक्त दोन गोष्टी विचारायच्या, इथपर्यंत किती जण पोचले होते आणि त्यातले किती इथे पडले. जो नाबाद राहिला तो त्याच्या पायरीपर्यंत मोजायचा, पुढे मोजणीतून हळूच बाजूला करायचा, पडला असं धरायचं नाही.

बारक्याचे डाव छोट्यापासून मोठ्यापर्यंत लावले. शून्यावर बाराही डाव होते, एक पडला, म्हणजे बारापैकी 11 वाचले. पाचवर 11 होते, एक पडला, 10 वाचले, म्हणजे सुरुवातीच्या बारातले 10, टक्क्यात 83. मग 9, 11, 12, 12, 14, 18 हे सगळे नाबाद, ते बाजूला झाले, 83 ला धक्का नाही. आता 19 वर पोचलो तेव्हा मोजायला चारच डाव उरले, 19, 22, 27 आणि 31, आणि त्यातला एक पडला. चारातले तीन वाचले, म्हणून 83 चे तीन चतुर्थांश, साडेबासष्ट टक्के. म्हणजे पूर्ण खेळायला मिळालं तर शंभरात साधारण 62 वेळा बारक्या 19 च्या पुढे जाईल. ओपनर बारापैकी आठ वेळा 19 च्या पुढे गेलाय, 67 टक्के.

मी परत परत बघत होतो. 60 आणि 33 नाही, 15 आणि 33 पण नाही, 62 टक्के आणि 67 टक्के. दोघं जवळपास सारखेच!

मग सर म्हणाले की तुलना करायची तर जिथे दोघंही गेलेत तेवढ्याच मैदानात कर. म्हणजे समजा नियम केला की कोणाचेही पहिले 31 रनच धरायचे, त्यापुढचे कापायचे. ओपनरचे 41, 67, 54 वगैरे सगळे 31 झाले, बाकीचे तसेच, बेरीज 262, डावाला 22 च्या आसपास. बारक्याचं त्याच जिन्यावरून काढलं (प्रत्येक रनाला टिकण्याची जी टक्केवारी आली तिची बेरीज करायची), आले 23.75, म्हणजे जवळपास 24. पहिल्या 31 रनांत बारक्या ओपनरपेक्षा दोन पावलं पुढेच, पण एवढ्या कमी डावांत हा फरक फरक म्हणायच्या लायकीचा नाही.

आणि 31 च्या पुढे? ओपनरकडे सहा डाव आहेत. बारक्याच्या पुढे कागद कोरा. ही पद्धत तिथे थांबते आणि सांगते की इथून पुढे मला माहीत नाही, हीच गोष्ट मला तिच्यात सगळ्यात जास्त आवडली. ॲव्हरेज तिथेच थांबत नाही, बिनधास्त 60 सांगून टाकतं.

## यातही खोट आहेच

ही पद्धत पण असं मानते की डाव थांबला तो बॅट्समनच्या आऊट होण्याशी संबंध नसलेल्या कारणाने. ओव्हर संपल्या, रन झाले, समोरचे सगळे आऊट झाले, हे ठीक. पण एखादा मांडी धरून 30 वर रिटायर्ड हर्ट झाला तर तोही वहीत नाबादच, आणि तो तसाच खेळत राहिला असता तर बहुतेक लवकर आऊट झाला असता. अशा डावाला अर्धवट नोंद म्हणून धरलं तर थोडी फसवणूक होतेच. आमच्याकडे एक जण 40 च्या पुढे गेला की हमखास क्रॅम्प यायचा त्याला, मी वहीत नियमाप्रमाणे लिहायचो, मनात काय लिहायचो ते जाऊ दे.

दुसरं, 19 च्या पायरीवर चारच डाव होते. त्यातला अजून एक पडला असता तर साडेबासष्टचे एकदम जवळपास बेचाळीस झाले असते. तीन आऊटवर उभा असलेला आकडा कुठल्याही पद्धतीने काढा, डुगडुगतोच.

तिसरं म्हणजे बॉल. या सगळ्या गोष्टींत किती बॉल घेतले ते कुठेच नाही. 1975 च्या वर्ल्डकपात लॉर्ड्सवर इंग्लंडने 60 ओव्हरमध्ये 334 केले आणि गावसकर पूर्ण डाव खेळून 174 बॉलमध्ये 36 वर नाबाद राहिले. भारत हरला ते जाऊ द्या, पण हिशोबाच्या भाषेत गंमत बघा, त्या डावाने त्यांचं ॲव्हरेज वाढलंच, रन 36 मिळाले आणि आऊट शून्य. ॲव्हरेज फक्त विकेटची किंमत सांगतं. टेस्टमध्ये विकेटच महाग असते म्हणून तिथे तो आकडा बराच कामाचा आहे, वीस-वीस ओव्हरच्या मॅचमध्ये विकेटपेक्षा बॉल महाग असतो. बारक्या शेवटच्या ओव्हरांत येऊन फटके मारायचा, त्याचं मोल त्या बॉलमागच्या रनांत होतं, आणि ट्रॉफीच्या नियमात त्याचा उल्लेखच नव्हता.

## मग ट्रॉफी कोणाला गेली

नियमाप्रमाणे बारक्यालाच. मी कॅप्टनला सगळं कागदावर दाखवलं, जिना, टक्के, सगळं. तो म्हणाला, "हे सगळं बरोबर असेल रे, पण नियम सीझनच्या आधी ठरलाय, आता बदलला तर भांडणं होतील," आणि खरं सांगायचं तर त्याचंही बरोबर होतं. फक्त त्याने एक केलं, पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका कॉलेजशी मॅच होती, तिथे बारक्याला चौथ्या नंबरवर पाठवलं. म्हणाला बघू तरी 31 च्या पुढे काय आहे.

मॅटिंगची विकेट, बॉल उसळत होता. बारक्या आठव्या ओव्हरला आला, सुरुवातीला दोनदा बीट झाला, मग स्थिरावला. 31 झाले तेव्हा मी टेबलावरून उठून उभा राहिलो, कोणाला काही कळलं नाही. 32, 33, मग कव्हरमधून चौका, 37. पुढच्या ओव्हरला स्लोअर वन आला, फसला, मिडऑफला सोपा कॅच. त्याच्या आयुष्यातला हायेस्ट स्कोअर.

पॅड काढता काढता टेबलापाशी आला, घाम पुसत, खूश होता. "काय रे, आता ॲव्हरेज किती झालं माझं?"

मी शीटमध्ये टाकलं. 217 भागिले 4.

"चोपन्न."

"साठचं चोपन्न? 37 मारून?"

"हो."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग ओपनरकडे, जो मागे उभा राहून पाणी पिता पिता हसायला लागला होता.